पिशवीवर 'वसुंधरा' छापून भाजीवाल्याकडची कॅरीबॅग थांबणार आहे का?

विश्रामबागकर: आमच्या प्रभाग कार्यालयातर्फे घरोघरी कापडी पिशव्या वाटणार आहेत. वर छापायला घोषवाक्य मागितलंय. मी दिलं: 'प्लास्टिकचा करूया त्याग, फुलवूया वसुंधरेची बाग'. साहेबांना पसंत पडलंय. सांगलीकरांनो, आणखी सुधारता येईल का? राजकारण नको, प्लीज.

छपाईवाला: राजकारण नाही करत, पण राहवत नाही म्हणून लांबलचक लिहितोय. ही ओळ वाचणार कोण? पिशवी ज्याच्या हातात आहे, तो ती घेऊन आलेलाच आहे. त्याला त्याग कसला शिकवताय? उरला तो शेजारी उभा राहून कोथिंबीर निवडणारा, रिकाम्या हाताने आलेला. त्याला विचारा, प्लास्टिकवर प्रेम आहे का? अजिबात नाही. पिशवी घरी खुंटीला राहिली, एवढंच त्याचं म्हणणं असतं. अडचण विसरण्याची आहे आणि तुम्ही त्याला वसुंधरेचं प्रवचन देताय. जे बोलायचं ते दाराशी, चप्पल घालताना ऐकू आलं पाहिजे. 'किल्ली, मोबाईल, पिशवी' एवढं पुरे. तेही पिशवीवर एकदा, आणि सोबत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला एक स्टिकर.

तमिळनाडूने डिसेंबर 2021 मध्ये 'मीण्डुम मंजप्पै' मोहीम काढली. म्हणजे 'पुन्हा पिवळी पिशवी'. तिकडे लग्नात आणि कापडदुकानात मिळणारी पिवळी पिशवी घराघरात होती, मधल्या काळात ती गावंढळ ठरली होती. सरकारने नवीन काही शिकवलं नाही. लाज वाटत होती तीच वस्तू परत हातात दिली, आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दहा रुपयांत पिशवी देणारं मशीन बसवलं. ओळीत पृथ्वी नाही, पर्यावरण नाही, त्याग तर नाहीच.

आता धंद्याचं सांगतो. 14 बाय 16 इंची पिशवीत शिवण आणि बंद सोडले की छापायला धड दहा इंच मिळतात. त्यात महापालिकेचं बोधचिन्ह, प्रभागाचा क्रमांक आणि कुणाचा तरी फोटो. उरलेल्या जागेत तुमच्या दोन ओळी बसवल्या तर अक्षर अर्धा इंचही होत नाही. मांजरपाटावर शाई पसरते, जोडाक्षरांची पोटं भरतात. 'प्लास्टिक' आणि 'त्याग' दोन्ही गिचमिड होणार. त्यात कोऱ्या कापडाला खळ असते. ती न धुता छापलं आणि नंतर उष्णता दिली नाही, तर पहिल्याच धुण्यात वसुंधरा बादलीत.

गणपतीपेठ_दुकान: छपाईवाले, तुम्हाला ओळीचं पडलंय. मला दंडाचं पडलंय. मी शहाणपणा करून कापडी पिशव्या आणल्या, गिऱ्हाईकाला फुकट देत होतो. पथक आलं, म्हणे हे प्लास्टिक. पाच हजार! कापडासारखं दिसतं, कापडासारखं दुमडतं, मग प्लास्टिक कसं? घोषवाक्यं करणाऱ्यांनी आधी आम्हाला हे सांगावं.

छपाईवाला: नॉनवोव्हन असणार. ते विणलेलं नसतंच, पॉलिप्रॉपिलीनचे तंतू गरम दाबाने चिकटवलेले असतात. नीट बघा, अंगावर बारीक ठिपक्यांची नक्षी असते. कडेचा धागा ओढायला जा, धागा निघतच नाही. कोपरा काडीने पेटवा, वितळून त्याची कडक गुठळी होते. सुती कापडाची राख होते आणि कागद जळाल्यासारखा वास येतो.

गणपतीपेठ_दुकान: पण मला विकणाऱ्याने सांगितलं होतं, साठ जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला साठ ग्रॅमच्या वरचं चालतं.

छपाईवाला: अर्धं बरोबर आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमात नॉनवोव्हनला साठ जीएसएमची अट आहे, त्याखालचं चालत नाही. पण आपल्या राज्याच्या 2018 च्या बंदीत नॉनवोव्हन पिशव्या सरसकट होत्या. दंडाची पावती कधीची आहे त्यावर बरंच अवलंबून. आणि विकणाऱ्याचे साठ वजनकाट्यावर किती भरतात, तेही बघा. एक फूट बाय एक फूट तुकडा साडेपाच ग्रॅमच्या आत भरला, तर साठ नाहीत.

गणपतीपेठ_दुकान: दुकानात मी काय सोनाराचा काटा घेऊन बसू? पथकाने तरी कुठे वजन केलं होतं? हाताने चुरगाळलं आणि पावती फाडली. आणि शेजारच्या गाड्यावर पातळ काळ्या पिशव्या राजरोस!

आकडेबाज: सगळे कापडाच्या आरत्या ओवाळताय म्हणून सांगतो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा 2018 चा अहवाल आहे. सुती पिशवी 7100 वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या बरोबरीला येते. रोज एकदा धरलं तर एकोणीस वर्षं. द्या वाटून!

छपाईवाला: अहवाल पुढेही वाचायचा असतो. 7100 हा आकडा सगळे निकष एकत्र धरून येतो, आणि तो फुगतो ओझोनच्या निकषामुळे. फक्त हवामानबदल बघितला तर तोच अहवाल 52 सांगतो. आणि उघड्यावर फेकलेल्या पिशवीचा हिशोब त्यात नाहीच. शेरी नाल्याच्या तोंडाला उभे राहा आणि मग डेन्मार्क सांगा.

आकडेबाज: नाल्याजवळ उभं करायची भाषा नको. ठीक आहे, 52. पण 52 तरी होतात का? आमच्या ओट्याखाली वाटपाच्या पिशव्यांचा ढीग आहे. बँकेची, साखरपुड्याची, निवडणुकीची. एकही बाजारात जात नाही. त्यावर आणखी एक कशाला?

छपाईवाला: हे मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य. फुकटची पिशवी म्हणजे विसरायला एक जास्तीची. दहा रुपये घ्या, नाहीतर वाटूच नका.

बचतगट_मिरज: नमस्कार, पिशव्यांचं काम निघालंय असं कळलं. शिलाईचा दर काय ठरलाय? मागे एका कार्यालयाला आम्ही शिवून दिल्या, बिल मिळेपर्यंत बायका दारात येऊन बसायच्या. आणि बंदाला चौकोन करून मध्ये फुली शिवायची असेल तर दर वेगळा पडतो. नुसती आडवी शिलाई मारली की पाच किलो बटाट्याला बंद उसवतो. मग लोक म्हणतात कापडी पिशवी टिकत नाही.

विश्रामबागकर: ताई, इथे काम निघालेलं नाही, घोषवाक्य विचारलंय! आणि बाकीच्यांनो, मी एक ओळ विचारली होती. त्यावर दंड, डेन्मार्क आणि नाला झाला. छपाईवाले, तुमची 'किल्ली, मोबाईल, पिशवी' साहेबांसमोर ठेवली तर ते म्हणतील यात पर्यावरण कुठाय. आयुक्तांना दाखवायचं असतं हो.

गणपतीपेठ_दुकान: दिवसभर गिऱ्हाईकाला मी एकच विचारतो, 'पिशवी आणली का?' तेच छापा. निदान माझा घसा तरी वाचेल.

छपाईवाला: दुकानदार, हे माझ्यापेक्षा बरं. तीन शब्द, बोटभर मोठं अक्षर, जोडाक्षर एकही नाही. पिशवी धरणारा चालता चालता शेजाऱ्याला विचारतो. वसुंधरेला हे जमलं नसतं.

विश्रामबागकर: वा, म्हणजे माझ्या दोन तासांच्या यमकावर दुकानदाराचा घसा भारी. बरं, साहेबांना दोन्ही देतो. मागच्या बाजूला माझी ओळ राहू दे.

छपाईवाला: मागे छापायचं तर दुप्पट खर्च. आणि छपाई शिवायच्या आधी, सपाट तुकड्यावर झाली पाहिजे. शिवणीवर स्क्रीन बसत नाही, अक्षर तुटतं. हे कार्यालयाला आधीच सांगा.

बचतगट_मिरज: मग कापून, छापून आमच्याकडे येणार का? कापायचं कोण? कापणीचे पैसे आम्ही वेगळे लावतो.