मदत हवी आहे: खिळ्याच्या चुंबकाच्या टेबलावर सेल लगेच बसतात

वाचनालयवाली_फोंडा
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात चौथी-पाचवीच्या मुलांसाठी तीन टेबलं मांडते: एकावर सेल आणि टॉर्चचा बल्ब, दुसऱ्यावर खिळ्याला तार गुंडाळून केलेला विद्युतचुंबक, तिसऱ्यावर चुंबकाला काय चिकटतं ते शोधायचं. पहिलं आणि तिसरं मजेत चालतं, दुसरं गटांगळ्या खातं. साधे पेन्सिल सेल एकामागून एक घालते, थोड्याच वेळात ते गरम होतात आणि खिळा टाचण्या उचलेनासा होतो. तार वाइंडिंगच्या दुकानातली, २६ गेजची, साधारण ६० वेढे. विचित्र म्हणजे मेलेला सेल मीटरवर १.४ व्होल्ट दाखवतो, पण बल्बला लावला तर बल्ब मिणमिणतसुद्धा नाही. मीटर बिघडलाय का?

पर्वरीकर
बाजारातले स्वस्त सेल असेच. अल्कलाइन घ्या, प्रश्न मिटला. नाहीतर रिचार्जेबल, म्हणजे परत खर्च नको.

वायरमन_काका
पर्वरीकर, अल्कलाइन जास्त वेळ टिकेल हे खरं, पण इथे नको. रिचार्जेबल तर मुळीच नको.

ताई, मीटर ठीक आहे. मीटर सेलमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून थकलेला सेलही त्याला १.४ दाखवतो. बल्ब ०.३ अँपिअर मागतो, तेव्हा आतून थकलेल्या सेलचे व्होल्ट धाडकन पडतात. सेल तपासताना बल्ब लावूनच मीटर धरा.

आता मूळ दुखणं. ६० वेढ्यांना तुमची तार जेमतेम मीटरभर लागते. तिचा रोध ओहमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे सेलच्या दोन टोकांना सरळ शॉर्टच. मूल टाचण्या मोजत बसतं, तार चिकटलेलीच राहते आणि सेल आतल्या आत भाजतो. पेन्सिल सेल स्वतःच्या अशक्तपणामुळे थोडा सांभाळून घेतो. रिचार्जेबलमधून कितीतरी जास्त करंट येईल आणि तार बोट भाजण्याइतकी तापेल.

उपाय: पहिल्या टेबलावरचा २.५ व्होल्टचा बल्ब होल्डरसकट याच वाटेत बसवा. दोन सेल, बल्ब, वेटोळं, सगळं एकापाठोपाठ. मध्ये दाराच्या बेलचं बटण, म्हणजे बोट काढलं की बंद. पेटलेला बल्ब सुमारे ८ ओहम अडवतो, करंट ०.३ अँपिअरच्या आसपासच राहतो.

वाचनालयवाली_फोंडा
काका, बल्ब घालून पाहिला. सेल थंड राहतो, पण खिळा एखादीच टाचणी उचलतो. मुलं म्हणतात, मॅडम तुमचा चुंबक झोपलाय!

वायरमन_काका
झोपणारच, करंट कमी झाला ना. मग वेढे वाढवा. ३० गेजची बारीक तार घ्या आणि २०० वेढे एकाच दिशेने द्या, थरावर थर चालेल. तारेचा रोध साधारण एक ओहम होईल, बल्बच्या ८ पुढे तो नगण्य. करंट तोच, वेढे तिपटीहून जास्त, तेवढं बळ वाढेल. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने लालचुटूक होईतो घासा. वरचा पारदर्शक मुलामा राहिला तर करंटच वाहत नाही, आणि नेमका तोच डोळ्यांना दिसत नाही.

साखळीची_मुग्धा
माझा मुलगा चवथीच्या माळेतले एलईडी काढून दिवा करतो, एका सेलवर पेटतच नाहीत. काय करू?

वायरमन_काका
एका सेलचे दीड व्होल्ट एलईडीला पुरत नाहीत. दोन सेल जोडा आणि मध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर घाला. तरी नाही पेटला तर एलईडी उलटा लावून बघा. पण ताईंच्या कामात एलईडी नको, त्यातून करंट फारच कमी जातो.

पर्वरीकर
तिसऱ्या टेबलासाठी खाणीचा लाल दगड ठेवा की! गोव्याचं लोखंड, चुंबकाला घट्ट चिकटेल.

डिचोलीचा_पोरगा
नाही चिकटत. आपल्याकडचं खनिज बहुतेक हेमटाइट, साधा चुंबक त्याला दाद देत नाही. पण दगड ठेवाच. मुलांना आधी अंदाज लिहायला लावा, मग चुंबक लावू द्या. बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा. अलीकडची स्टीलची नाणी चिकटतात, म्हणजे अंदाज पुन्हा चुकतो. फक्त गोळीएवढे निओडिमियमचे चुंबक ठेवू नका. कोणाचं धाकटं भावंड सोबत आलं आणि त्याने दोन गिळले, तर आतड्यात अडकून जिवावर बेततं. जुन्या स्पीकरचं मोठं काळं कडं बरं.

वाचनालयवाली_फोंडा
३० गेजची तार गुंडाळली. आता टाचण्यांचा घोस लटकतो, आणि बल्ब पेटलेला असल्यामुळे बटण कोणी दाबून ठेवलंय ते लांबूनही दिसतं. एकच अडचण, बटण सोडल्यावरही एक-दोन टाचण्या खिळ्याला चिकटून राहतात.

वायरमन_काका
खिळा पोलादाचा असेल, तो थोडं चुंबकत्व धरून ठेवतो. नरम लोखंडाचा खिळा किंवा बोल्ट मिळतो का बघा. हार्डवेअरच्या दुकानात विचारून उपयोग नाही, तिथे सगळ्यालाच लोखंड म्हणतात. खिळ्यावर चुंबक घासा, मग चुंबक बाजूला ठेवून तो खिळा टाचण्यांजवळ न्या. टाचण्या उचलल्या तर पोलाद, नाहीतर नरम लोखंड.

डिचोलीचा_पोरगा
मला तर टाचण्या चिकटून राहणं हेच आवडलं. ते मुलांनाच शोधू द्या ना, खिळा कशाला बदलायचा?