मदत हवी आहे: कांदा लिलावावरचं दोन मिनिटांचं पॅकेज कसं जोडू?

सिन्नरची_मुलगी
मास मीडिया, शेवटचं वर्ष, नाशिक. लासलगावला लिलावाचं शूट करून आलोय. हातात आहे ते असं: शेतकऱ्याचा चार मिनिटांचा बाईट, व्यापाऱ्याचा दोन मिनिटांचा, कॅमेऱ्यापुढे उभं राहून बोललेली माझी पीटीसी आणि बाजाराची बरीच व्हिज्युअल्स. पॅकेज दोन मिनिटांच्या आत बसवायचं आहे. शेतकऱ्याचा बाईट तीन ठिकाणी कापला तर त्याचं डोकं टुणकन उडतं. शिवाय पीटीसी सुरुवातीला घेऊ की शेवटी?

गोदाकाठ
उडी दिसते तिथे डिझॉल्व्ह टाक, संपला विषय. पीटीसी शेवटीच. नाव, चॅनल, गाव बोलायचं असतं ना.

जुना_एडिटर
डिझॉल्व्हने फसवणूक होत नाही, इथे कापलंय हे प्रेक्षकाला कळतं. पण त्याच चेहऱ्यावर तोच चेहरा विरघळला की क्षणभर दोन नाकं दिसतात. एकदा चालेल, तीनदा नाही. त्यापेक्षा जोडावर कटअवे ठेव.

कटअवे म्हणजे बाजाराचं मिळेल ते दृश्य नव्हे. माणूस जे बोलतोय त्याच्याशी ते जुळलं पाहिजे. तो मजुरी आणि गाडीभाड्याचं बोलत असेल तर त्याच्या हातातली हिशोबपट्टी, ट्रॉलीतला कांदा उलटून पाहणारा व्यापाऱ्याचा हात, ओतला जाणारा माल. त्याच माणसाचा लांबून घेतलेला शॉट वापरलास तर ओठ दिसता कामा नयेत, कारण आवाज एक आणि ओठ भलतेच हलताना लगेच कळतं. कटअवे जोडाच्या सेकंदभर आधी सुरू कर, पुढे दोन-तीन सेकंद राहू दे, मग चेहऱ्यावर ये. जोडावरच सुरू झाला तर ठिगळ दिसतं.

आणि पहिलं काम टाइमलाइनवर नाही, कागदावर. चारही मिनिटं ऐकून जसंच्या तसं उतरवून काढ. त्यातलं पंधरा सेकंदांचं एकच वाक्य निवड, जे तू स्वतः बोलू शकत नाहीस. बाकीची माहिती दृश्यांवर तुझ्या आवाजात, व्हीओत जाते.

सिन्नरची_मुलगी
सर, व्हीओ लिहिलाय: "शेतकऱ्यांचं म्हणणं आहे की खर्चही निघत नाही." पुढे बाईट.

जुना_एडिटर
आणि बाईटमध्ये तो म्हणतो, "खर्चही निघत नाही." एकच गोष्ट दोनदा झाली. व्हीओने बाईटच्या दारापर्यंत न्यायचं, आत तो माणूस बोलेल. म्हणजे असं: "पहाटे निघालेली ट्रॉली दुपारी रिकामी झाली. पट्टी हातात पडली." मग तो.

साधारण बांधणी अशी ठेव. सुरुवातीला पाच सेकंद नुसता लिलावाचा पुकारा, तुझा आवाज नको. मग वीस सेकंद व्हीओ. सावकाश वाचलंस तर त्यात चाळीसेक शब्द बसतात, जास्त लिहू नकोस. पंधरा सेकंद शेतकरी. दहा-बारा सेकंदांच्या व्हीओने व्यापाऱ्याकडे वळ, तेवढाच त्याचा बाईट. पुढे पीटीसी, आणि उरलेला व्हीओ मिळून दोन मिनिटांच्या अलीकडे थांब.

पंचवटी_फ्रेम्स
आम्ही रामकुंडाच्या संध्याकाळच्या आरतीवर केलं होतं, मागे बासरी टाकली, सगळे जोड झाकले गेले. तुम्हीही कांद्यावर एखादं लोकसंगीत टाका, मस्त वाटेल.

जुना_एडिटर
दादा, ती फिल्म झाली. बातमीत तक्रार करणाऱ्याच्या मागे बासरी लावली की मत आपण दिल्यासारखं होतं. आणि संगीतावर बाईट कापला तर ताल तुटतो, तो पुन्हा वेगळा झाकावा लागतो.

लासलगावकर
संगीतापेक्षा तिथला खरा घोळ ट्रॅक्टरचा आहे. बोलणं सुरू असताना मागे इंजिन चालू, पुढच्या तुकड्यात बंद. चित्रावर कटअवे टाकला तरी कानाला जोड ऐकू येतो. बाजारातला मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड केलाय का?

सिन्नरची_मुलगी
नाही. 😐 पुकाऱ्याचे तुकडे आहेत, पण सगळ्यात कुणीतरी बोलतंय.

लासलगावकर
मग परत यावं लागेल. माईक बाईट घेतला त्याच जागी धरून मिनिटभर गप्प उभं राहायचं. तो ट्रॅक पूर्ण बाईटखाली हलक्या आवाजात टाकला की इंजिनचा खड्डा बराचसा भरतो. इंजिन बोलण्यापेक्षा मोठं असेल तर मात्र भरत नाही, तो तुकडा सोडूनच द्यावा. आलात तर पट्टीचे क्लोजअपही घ्या, प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता. कोणाचं नाव वाचता येईल अशी पट्टी घ्यायची तर आधी त्याला विचारा.

गोदाकाठ
पण पीटीसी मधोमध का? कुठेही बघा, शेवटी असते.

जुना_एडिटर
शेवटी ठेवायला हरकत नाही, साईन ऑफ तिथेच सोपा पडतो. पण शेतकरी आणि व्यापारी एकमेकांच्या उलट बोलतात, आणि भाव का पडला याचं दृश्य तिच्याकडे नाही. जे दाखवता येत नाही ते बातमीदाराने उभं राहून सांगायचं. म्हणून मध्ये, पंधरा सेकंद, मागे चालू लिलाव. रिकाम्या भिंतीपुढे घेतली असेल तर मात्र शेवटीच टाका.

सिन्नरची_मुलगी
गेटपुढे घेतलीय, मागे फक्त पाटी. त्यात कारण बोललेच नाहीये, "आता बघावं लागेल" असं काहीतरी म्हटलंय.

गोदाकाठ
मग शेवटीच, मी म्हणत होतो ते.

जुना_एडिटर
नाहीतरी आवाज घ्यायला परत जातेच आहेस, पीटीसीही नवी घे. कपडे तेच घाल.