नांगराखालचं गांडूळ

>> "कर्माच्या कल्पनेत साम्य आहे आणि फरकही आहे" असं निबंधाचं मुख्य विधान लिहिलं, सर म्हणाले धार नाही. धार आणायची कशी?

या वाक्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही, अडचण तिथं आहे. परंपरा दोनच घ्या, बौद्ध आणि जैन, आणि प्रसंग एकच. आमच्याकडं परभणीत मी बीएच्या पोरांना हा देतो: नांगरताना गांडूळ मेलं, मारायचं मनात नव्हतं. कर्म लागलं का? बौद्ध मतात कर्म म्हणजे चेतना, हेतू, म्हणून नाही. जैन मतात कर्म हे जीवाला चिकटणारं सूक्ष्म पुद्गल, म्हणजे भौतिक द्रव्य, ते हेतू नसतानाही चिकटू शकतं. उपालिसुत्त या पाली ग्रंथात हाच वाद आहे: निगंठ, म्हणजे जैन, कायेचं कर्म जास्त भारी मानतात, बुद्ध मनाचं.

पण ते सुत्त बौद्धांचं आहे, जैन बाजू त्यांच्याच तोंडून ऐकू नका. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात हिंसेच्या व्याख्येतच ‘प्रमत्तयोग’ आहे, म्हणजे बेसावधपणा. मग ‘बौद्ध हेतू बघतात, जैन फक्त कृती’ हे सोपं विधान टिकत नाही. मी असं लिहीन: "दोघेही पुनर्जन्म मानतात, पण नकळत झालेल्या हिंसेत बौद्ध हेतू होता का ते विचारतात, तर जैन सावधपणा होता का ते, कारण जैनांचं कर्म हेतू नसतानाही जीवाला चिकटू शकतं." यावर कुणी वाद घालू शकतो, आणि तो वादच पुढचे परिच्छेद पुरवतो.