मदत हवी आहे: रिपोर्टवर ‘रिस्ट्रिक्शन’ आलंय, सीओपीडी नाही म्हणतात, पण बाबांना जिना चढवत नाही

रानजाई

बाबा ५८ वर्षांचे. दारव्हा तालुक्यात आमची कापूस-तुरीची शेती आहे. मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढतात, दिवसाला एक बंडल तरी संपतंच. सकाळी उठले की मोरीपाशी बसून खाकरतात आणि पांढरट चिकट बेडका पडल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. हा आवाज आम्ही लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळे घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही. यंदा तूर वाळवायला स्लॅबवर टाकली होती. तेव्हा ते रिकाम्या हाताने चढतानासुद्धा अर्ध्या जिन्यात कठडा धरून थांबले. ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडत होते. पायांवर सूज नाही, थुंकीत रक्त नाही, वजन उतरलेलं नाही. तरुणपणी टीबी झाला होता, त्याचा कोर्स पूर्ण केला होता.

तालुक्याला एका शिबिरात नळीत फुंकायची तपासणी झाली. रिपोर्टमध्ये एफव्हीसी १.७७ लिटर म्हणजे अपेक्षेच्या ५५ टक्के, एफईव्ही-१ १.३८ लिटर, तेही ५५ टक्केच, आणि दोन्हींचं गुणोत्तर ७८. खाली मशीनने ‘मॉडरेट रिस्ट्रिक्शन’ छापलंय. तिथल्या माणसाने सांगितलं, गुणोत्तर ७० च्या वर आहे, सीओपीडी नाही. बाबांनी बाहेर येऊन पहिली बिडी पेटवली, म्हणे मशीनच सांगते काही नाही म्हणून.

मग हा दम कशाचा? हे रिस्ट्रिक्शन म्हणजे काय समजायचं?

गजूभाऊ_दिग्रस

ताई, ७० च्या वर असलं तर सीओपीडी नसते, हे बरोबर सांगतलं त्यायनं. एक्स-रे काढून घ्या बाबांचा. एक्स-रे साफ आला म्हणजे फुप्फुस ठीक, मंग कायले टेन्शन घेता? सकाळचा बेडका त बिडीवाल्या सगळ्यायलेच पडते. माह्या मोठ्या मामाले बी पडते.

दमछाक

ही तपासणी आमच्याकडेही झाली. बायपासनंतर ते प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, तीन निळ्या गोळ्या वर उचलायच्या. दोन उचलल्या की बरं, तिन्ही उचलल्या की एकदम झकास. बाबांच्या किती गोळ्या उचलल्या?

मोजपट्टी

दमछाक, तो ऑपरेशननंतरचा व्यायाम आहे. त्यात श्वास आत ओढायचा असतो. रानजाई म्हणतायत ती स्पायरोमेट्री, त्यात भरलेला श्वास जोरात बाहेर टाकायचा असतो.

मी डॉक्टर नाही. छातीरोग विभागात हीच तपासणी करून घेण्याचं माझं काम आहे, त्यामुळे आकडे बघायच्या आधी फुंकणं कसं झालं ते विचारायची सवय लागलीय. रानजाई, रिपोर्टवर एफईटी नावाची ओळ आहे का? तिच्यापुढे किती सेकंद लिहिलेत? आणि वेळ-आकारमानाचा आलेख असेल तर त्याची रेघ शेवटी आडवी झालीय, की वर चढता चढताच तुटलीय?

रानजाई

एफईटी २.१ सेकंद. रेघ वर जाताना तुटलीय. फुंकण्याची एकच नोंद दिसते. बाबा म्हणतात, ‘जोरात फुंका’ म्हणाले, मी फुंकलं, ‘झालं’ म्हणाले.

मोजपट्टी

मग त्या ७८ वर विसंबू नका.

एफईव्ही-१ म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. एफव्हीसी म्हणजे छाती पूर्ण भरून ती पूर्ण रिकामी करेपर्यंत निघालेली एकूण हवा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की गुणोत्तर येतं. निरोगी माणसाची बरीचशी हवा पहिल्याच सेकंदात निघते. बिडीने बारीक श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या, म्हणजे सीओपीडीच्या माणसाची हवा मात्र रेंगाळत निघते. तोंड अरुंद असलेली बाटली उपडी केली की पाणी जसं गुडगुडत उतरतं, तसं. अशा माणसाला सहा सेकंद, कधी दहा-बारा सेकंदही फुंकत राहावं लागतं. बाबा दोनच सेकंदांत थांबले. पहिल्या सेकंदाची हवा मोजली गेली, पण मागे राहिलेली लिटरभर हवा मोजायचीच राहिली. खालचा आकडा कापला गेला, म्हणून गुणोत्तर फुगून ७८ झालं. एफव्हीसी कमी दिसली म्हणून मशीनने रिस्ट्रिक्शन छापलं. रिस्ट्रिक्शनचा अर्थ फुप्फुसात हवा मावतेच कमी. मशीनला तेवढंच कळतं. माणूस मध्येच थांबला, हे तिथे उभ्या असलेल्या माणसाने बघायचं असतं.

गजूभाऊ, ७० चा आकडा तुम्ही बरोबर सांगितलात. पण तो पंपाचं औषध दिल्यानंतरच्या फुंकण्यावर बघतात, आणि फुंकणं पूर्ण असेल तरच. एक्स-रेचं मात्र पटत नाही. सीओपीडीत एक्स-रे साफ येऊ शकतो. तो काढायचाच, पण टीबी, गाठ, हृदयाचा आकार बघायला. आणि बेडका सगळ्यांनाच पडतो म्हणून तो ठीक, असं नाही. वर्षात तीन महिने आणि लागोपाठ दोन वर्षं असं चाललं, तर डॉक्टर त्याला जुना ब्राँकायटिसच म्हणतात.

रानजाई, यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजात किंवा सेवाग्रामला छातीरोगाच्या ओपीडीत दाखवून तपासणी पुन्हा करून घ्या. तरुणपणीचा टीबी आधीच सांगा, ते बहुतेक थुंकी तपासायला सांगतील, आणि ते फुंकण्याच्या आधी झालेलं बरं. मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा हार्टॲटॅक नुकताच झाला असेल तर तेही सांगा, मग आम्ही तपासणी पुढे ढकलतो. त्या सकाळी बिडी नको, पोट तुडुंब भरलेलं नको, करदोटा-पट्टा सैल असावा. पंप चालू असेल तर तो किती तास आधी बंद ठेवायचा, हे औषधावर ठरतं, विचारून घ्या.

मीरा_वणी

माझी आई. आयुष्यात बिडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे, पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक. तिलाही जिना चढवत नव्हता. आम्ही सीओपीडीच धरून चाललो होतो. तिचं एफईव्ही-१ पंपाआधी १.१० लिटर आलं आणि पंपानंतर १.४५, तेव्हा डॉक्टर म्हणाले यात दम्याचा भाग मोठा दिसतो. औषधच बदललं. म्हणून म्हणते, पंप देऊन दुसऱ्यांदा फुंकायला लावतात की नाही ते बघा. शिबिरात तेवढा वेळ कोणी देत नाही.

रानजाई

अपडेट. यवतमाळला जाऊन आलो. थुंकीत टीबी निघाला नाही. एक्स-रेमध्ये उजवीकडे वर जुना व्रण आहे, हृदय ठीक म्हणाले, हिमोग्लोबिनही ठीक.

तपासणी करणाऱ्या ताई अक्षरशः ओरडत होत्या. नाकाला चिमटा लावला, ओठ नळीभोवती घट्ट धरायला लावले, आणि मग ‘भरा, भरा, अजून भरा, फुंका, सोडत राहा, सोडत राहा, थांबू नका बाबा!’ पहिल्या दोन वेळा बाबांना खोकला आला, त्या बाद केल्या. तीन चांगल्या जुळेपर्यंत सोडलं नाही. बाबा घामाघूम. मग पंपाचे चार झोत, पाव तास बाहेर बसवलं, आणि परत तेच.

आधी एफईव्ही-१ १.४२, एफव्हीसी २.६०, गुणोत्तर ५५. पंपानंतर १.५२ आणि २.७०, गुणोत्तर ५६. एफईव्ही-१ अपेक्षेच्या ६१ टक्के. डॉक्टरांनी सीओपीडी, मध्यम, असं लिहिलं.

आता दोन शंका आहेत. पंपाने फक्त १०० मिलीचा फरक पडला, मग रोज औषध ओढून उपयोग काय? आणि हे बिडीचं की त्या जुन्या टीबीचं?

मोजपट्टी

बघा, एफईव्ही-१ १.३८ वरून १.४२, जवळजवळ तेवढाच राहिला. एफव्हीसी १.७७ वरून २.६०. फुप्फुस तेच आहे, या वेळी फक्त ते शेवटपर्यंत रिकामं होऊ दिलं.

पहिली शंका. १०० मिली म्हणजे सात टक्के. मीराताईंच्या आईचं ३५० मिलीने वाढलं, म्हणजे तीसच्या वर टक्के. दोनशे मिली आणि बारा टक्के, दोन्हींच्या वर उडी असेल तर दम्याचा विचार जोर धरतो, बाबांच्या बाबतीत तो मागे पडतो. पण त्या पाव तासातला फरक बघून औषध लागू पडेल की नाही, हे ठरवता येत नाही. आमच्याकडे आकडा जागचा न हललेली माणसं महिन्याभराने सांगतात, आता जिन्यात थांबावं लागत नाही. छातीत अडकून राहणारी हवा थोडी कमी झाली तरी चालताना दम कमी लागतो, ते या एका आकड्यात दिसत नाही.

दुसऱ्या शंकेचं उत्तर या मशीनकडे नाही. हवा अडतेय आणि किती अडतेय, इतकंच ते सांगतं. जुन्या टीबीच्या व्रणानेही नळ्या अरुंद होतात. बाबांच्यात दोन्ही असू शकतं. सीटी काढून अंदाज लागतो, पण त्याने औषधात काय बदल होईल, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

गजूभाऊ_दिग्रस

मंग बिडी सोडली त हे ६१ च परत ८०-९० होते का? तसं असन त मामालेबी सांगतो.

मोजपट्टी

नाही भाऊ, गेलेलं परत येत नाही. वयाबरोबर प्रत्येकाचा आकडा थोडा थोडा उतरतो. बिडीवाल्याचा वेगाने उतरतो, आणि सोडल्यावर तो वेग कमी होतो. बेडका मात्र बऱ्याच जणांचा काही महिन्यांत कमी झालेला दिसतो. मामांना न्यायचंच असेल तर आधी फुंकायला न्या, चांगला आकडा आला तर सोडायला जास्त कारण आहे. सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११२-३५६, पैसे लागत नाहीत.

रानजाई

बाबा अर्ध्या बंडलावर आलेत म्हणतात. खिसे मी तपासत नाही. औषध कॅप्सूलचं दिलंय, प्लास्टिकच्या डबीत घालून ओढायचं. दोन दिवस झाले, म्हणतात घशाला काही जाणवतच नाही. आणि आई म्हणते, एकदा त्यांनी ती पाण्याबरोबर घेतली.

मीरा_वणी

माझ्या सासऱ्यांनी आठवडाभर गिळल्या होत्या. वर तक्रार, औषध लागू पडत नाही.

मोजपट्टी

गिळलेल्या कॅप्सूलचं औषध फुप्फुसापर्यंत पोचत नाही. त्यांना तुमच्यासमोर घ्यायला लावा. आधी श्वास पूर्ण बाहेर, पण डबीत नाही, नाहीतर पावडर ओली होते. मग ओठ घट्ट आणि एका दमात जोरात आत. ओढताना कॅप्सूल फडफडल्याचा आवाज येतो का ऐका. श्वास मोजून दहा आकडे धरायचा. मग डबी उघडून बघा, कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर तीच परत ओढायची. पुढच्या भेटीला डबी सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवू द्या.