मदत हवी आहे: मॅनेजर पोराच्या वयाचा, कास्तकारांसमोर माझा भाव खोडतो

काट्यावरचा: जिनिंगमध्ये ग्रेडर आहे, वय ५४. नवीन मॅनेजर २७ चा. मी कापसाच्या गाडीत हात घालून ओल सांगितली की हा मशीन लावतो आन् सगळ्यांसमोर "काका, चुकलं" म्हणतो. काय करावं जी? लवकर सांगा, सीझन सुरू आहे.

पांढरकवडा: मालकाचा पोरगा की पगारी? मशीन कुठं लावतो, वर की आत? आकडा किती फरकाचा?

काट्यावरचा: पगारी. वरच लावतो. काल मी १२ म्हटलं, मशीन ९.

वऱ्हाडी_गडी: मशीन फेका. थेट मालकाकडं जा.

रुईगाठ: आत्ताच मालकाकडं नका जाऊ, तक्रारखोर ठराल. दोघंही खरे असू शकता. गाडीचा वरचा थर उन्हानं सुकतो, आतला ओला राहते. शिवाय कापूस दाबून मोजला तर आकडा चढते. तुमच्याकडं ८ च्या वर टक्क्याला टक्का कपात असेल, तर ७००० च्या भावात ९ ला ७० कटतात, १२ ला २८०. क्विंटलमागं २१० चा फरक, ३० क्विंटलच्या गाडीला ६३००. कास्तकाराला वाटते ग्रेडर लुटत होता. मान तिथं जातो.

सकाळी गाड्या यायच्या आधी, दोघंच असताना त्याच्याशी ठरवा: तीन जागी, हातभर आत, सारख्या दाबानं मोजायचं. आधी तुमचा अंदाज रजिस्टरात, मग मशीनचा आकडा शेजारी. फरक पडला तर गाडीजवळ दोघांनीही एवढंच म्हणायचं, "नमुना परत घेऊ." आठवडाभरात कोण कुठं हुकते ते कागदावरच दिसेल. तुमचा हात हुकत असेल तर तेही मान्य करा.

सोयाबीन_भाऊ: मशीन कोणत्या कंपनीचं? सोयाबीनला चालते का?

पांढरकवडा: भाऊ, वेगळा धागा काढा. @काट्यावरचा, तुम्ही त्याला काय म्हणता?

काट्यावरचा: अरे-तुरेच. पोरासारखा आहे.

रुईगाठ: मग हमालही त्याला तसंच बोलत असतील. आपलं कोणी ऐकत नाही, हे झाकायला तो गाडीजवळ जोर लावते. चारचौघांत "तुम्ही" म्हणा. अन् त्यानं सगळ्यांसमोर "चुकलं" म्हणू नये, हे रजिस्टरचं बोलाल त्याच सकाळी मागा.

वऱ्हाडी_गडी: ५४ व्या वर्षी पोराला अहो-जाहो? हे लाचारी झाली.

रुईगाठ: भावावर सही त्याची आहे. तो मान सहीचा.

काट्यावरचा: रजिस्टरचं उद्या सकाळी बोलतो. "तुम्ही" म्हणायला जीभ वळत नाही राजेहो. आन् तो वरच मशीन लावतो म्हणाला तर?

रुईगाठ: तर त्याच गाड्यांचे आतले आकडे तुम्ही लिहीत राहा. कापसाच्या ढिगात ओल राहिली की गरम होते, रुई पिवळी पडते. तेव्हा ते रजिस्टर घेऊन त्याच्याकडंच आधी जा. नाहीच ऐकलं तर त्याला सांगून मालकाकडं. मागून नाही.