शब्दचर्चा: ‘निरुपयोगी चल’ म्हणायचं कशाला, आणि चक्र दिसलं की भाषा ‘अनंत’ होते का?

गोरेगावकर

आमच्या भागातल्या संध्याकाळच्या वर्गासाठी संगणकशास्त्राची टिपणं मराठीत करतोय. संदर्भमुक्त व्याकरणाच्या धड्यात दोन वाक्यं लिहिली आहेत. पहिलं: ‘शब्द तयार व्हायला ज्याची मदत होत नाही तो निरुपयोगी चल.’ दुसरं: ‘चलांच्या अवलंबन-आलेखात चक्र असेल तर भाषा अनंत.’ खालचं उदाहरण मुलांना दिलं. एका मुलीने ‘अनंत’ म्हणून सांगितलं, दुसऱ्याने ‘एकच शब्द’. शब्द नीट बसवले तर हा गोंधळ टळेल असं वाटतं.

```
S → A B | C D
A → a | F
F → A
B → b
C → c D
D → D d E
E → e
```

दादरच्या बाई (निवृत्त)

व्याकरणात निरुपयोगी असं काही नसतं हो. ‘चल’ म्हणजे तुम्हाला विकारी शब्द म्हणायचे आहेत का? नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी, आणि अव्ययं अविकारी. अव्ययांनाही काम असतंच की.

गोरेगावकर

बाई, हे मराठीचं व्याकरण नव्हे. इथे मोठी अक्षरं म्हणजे चल, अजून उलगडायच्या जागा, आणि लहान अक्षरं म्हणजे पक्का मजकूर. `|` म्हणजे ‘किंवा’. S पासून निघायचं, नियम लावत जायचं, आणि एकही मोठं अक्षर उरलं नाही की हातात येतो तो शब्द. असे जेवढे शब्द निघतील ती त्या व्याकरणाची भाषा. नियमातल्या डावीकडच्या चलापासून उजवीकडच्या प्रत्येक चलाकडे बाण काढला की होतो तो अवलंबन-आलेख.

मुलुंडवाला

सोपं आहे. D स्वतःलाच बोलावतो. A आणि F एकमेकांना बोलावतात. म्हणजे दोन चक्रं. चक्रात हव्या तेवढ्या फेऱ्या मारता येतात, म्हणून भाषा अनंत. ‘एकच शब्द’ लिहिणाऱ्याचे मार्क कापा.

बोरीबंदर

मार्क कापू नका, तोच बरोबर आहे. या व्याकरणातून फक्त `ab` निघतो.

D कडे बघा. त्याचा एकुलता एक नियम `D → D d E`. D संपवायला आधी D संपवावा लागतो, म्हणजे तो कधीच संपत नाही. फेऱ्या कितीही मारा, हातात शब्द पडत नाही. C ला D हवा, म्हणून C पण बुडाला. D चं चक्र खरं आहे, पण ते शब्दाच्या वाटेवरच नाही.

हे डोळ्यांनी शोधत बसायचं नसतं. खालून वर यायचं. ज्याच्या एखाद्या नियमात उजवीकडे नुसती लहान अक्षरं आहेत तो चल फळला, म्हणजे त्यातून शब्द निघू शकतो, असं धरा: इथे A, B, E. मग ज्याच्या एखाद्या नियमातले सगळे चल फळलेले आहेत तोही फळला: `S → A B` मुळे S, `F → A` मुळे F. पुढच्या फेरीत नवीन कोणी येत नाही, तिथे थांबायचं. C आणि D बाहेर राहिले. S यादीत आला, म्हणून भाषा रिक्त नाही. रिक्ततेची परीक्षा एवढीच आहे. बाकीच्या चलांचं काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

मुलुंडवाला

मग `ab` मध्ये e का येत नाही? E निरुपयोगी आहे का? तो तर फळला. `E → e`.

बोरीबंदर

E फळतो, पण त्याच्यापर्यंत वाट फक्त D मधून जाते. C आणि D ज्या नियमांत आहेत ते नियम काढले की S पासून A, B, F एवढेच गाठता येतात. E एकटा पडतो.

म्हणजे गोरेगावकर, तुमच्या एका शब्दात दोन वेगळे दोष आहेत. एक चल शब्दच देत नाही, दुसरा देतो पण S त्याच्याकडे जात नाही. आणि तपासायचा क्रमही ठरलेला आहे. आधी ‘S पासून गाठता येतो का’ हे तपासलंत तर सातही चल गाठता येतात. त्यानंतर न फळणारे C, D काढलेत तर E मागे तसाच राहतो आणि तुम्ही समजता की झाडलोट झाली. आधी न फळणारे काढा, मग न गाठता येणारे.

अंधेरी नाईट शिफ्ट

आमच्याकडे आवाजावर चालणाऱ्या चौकशी यंत्रणेसाठी वाक्यांचं असंच व्याकरण लिहिलं होतं. चाचणीसाठी त्यातली सगळी वाक्यं छापून घ्यायला प्रोग्रॅम लावला, तर रात्रभर थांबेना. साहेब म्हणाले, व्याकरण अनंत आहे, कुठेतरी लूप आहे, शोध. मी चक्र शोधतोय, सापडत नाही. याचा अर्थ काय घ्यायचा?

बोरीबंदर

चक्र नसेल तर भाषा सांतच, म्हणजे तिच्यातले शब्द मोजून संपणारे. पण सांत म्हणजे छोटी नव्हे. हे सहा चलांचं व्याकरण बघा, चक्र कुठेही नाही:

```
P → Q Q
Q → R R
R → T T
T → U U
U → V V
V → a | b
```

P मधून निघणारा प्रत्येक शब्द 32 अक्षरांचा, आणि प्रत्येक अक्षराला दोन पर्याय. एकूण शब्द 4,29,49,67,296. तुमचा प्रोग्रॅम ते छापत बसला असेल. म्हणून सांत आहे की नाही हे शब्द छापून ठरवत नाहीत, आलेखावरून ठरवतात. आलेखाला त्यासाठी क्षणही लागत नाही.

अंधेरी नाईट शिफ्ट

शहराचं नाव, स्टेशनचं नाव, वेळ, तारीख असे पर्याय एकमेकांना गुणत गेले होते खरे. साहेबांना ‘लूप नाही’ हे पटवायला आकडेच दाखवतो.

दादरच्या बाई (निवृत्त)

आता थोडं कळायला लागलं. ‘सांत’ शब्द चांगला आहे, गणिताच्या पुस्तकात ‘सांत संच’ असतोच. ‘मर्यादित’ लिहू नका. मर्यादित म्हटलं की माणसाला थोडंसं वाटतं आणि या साहेबांसारखा समज होतो. पण A आणि F चं काय? त्यांचं चक्र तर झाडलोटीनंतरही शिल्लक आहे.

बोरीबंदर

बाई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. उरलेलं व्याकरण असं: `S → A B`, `A → a | F`, `F → A`, `B → b`. A पासून F, F पासून परत A. फिरा हवं तेवढं, एक अक्षरही वाढत नाही. फेरी फुकट.

म्हणून बाणांचे दोन प्रकार मानायचे, पोकळ आणि भरीव. नियमात एका चलाकडे जाताना त्याच्या शेजारी जो मजकूर उरतो, त्यातून निदान एक अक्षर येऊ शकत असेल तर बाण भरीव. शेजारी काहीच नसेल, किंवा असून त्यातून फक्त ε म्हणजे शून्य लांबीचा शब्दच येत असेल, तर पोकळ. झाडलोट झालेल्या व्याकरणात निदान एक भरीव बाण असलेलं चक्र सापडलं तर भाषा अनंत, नाहीतर सांत.

एक छोटा फेरफार करून बघा. `F → A` च्या जागी `F → A G` लिहा आणि खाली `G → ε` जोडा. F पासून A कडे जाताना आता शेजारी G आहे, पण तो कायम रिकामाच जातो. बाण पोकळ, भाषा अजूनही `ab` एवढीच. आता `G → ε | g` करा. तोच बाण भरीव झाला, आणि `ab`, `agb`, `aggb` असे शब्द निघत राहिले. आलेखाचं चित्र दोन्ही वेळा अगदी एकसारखं दिसतं. नुसत्या चित्रावरून उत्तर देणारा इथेच फसतो.

मुलुंडवाला

आमच्या सरांनी बाण-बिण काही सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं, आधी चॉम्स्की रूपात आणा, मग चक्र असलं की अनंत.

बोरीबंदर

तेही बरोबर आहे. त्या रूपात प्रत्येक नियमात उजवीकडे एक तर दोन चल असतात, नाहीतर एकच लहान अक्षर. ε चे नियम आणि एका चलावरून थेट दुसऱ्या चलावर जाणारे नियम राहत नाहीत, त्यामुळे प्रत्येक बाण भरीवच असतो. तुमच्या आधीच्या उत्तरात ‘आधी’ हा भाग गळला एवढंच. त्यात दोन खाचा आहेत. ε चे नियम काढल्यावर वरच्या `G → ε` मधल्या G कडे एकही नियम उरत नाही, म्हणजे तो नव्याने न फळणारा होतो. म्हणून झाडलोट रूपांतरानंतर पुन्हा करावी लागते. आणि थेट उड्यांचे नियम उलगडताना व्याकरण बरंच फुगू शकतं. नियम मोजके असतील तर काही बिघडत नाही, हजारोंनी असतील तर मी पोकळ-भरीवचीच वाट धरतो.

मुलुंडवाला

ε काढला तर भाषा रिक्त होईल ना कधी कधी? म्हणजे `S → ε` एवढंच व्याकरण असेल तर ती भाषा मुळातच रिक्त.

बोरीबंदर

नाही. त्या भाषेत एक शब्द आहे, त्याची लांबी शून्य आहे. रिक्त भाषेत शब्दच नसतो, जशी D पासून निघणारी. म्हणूनच रिक्ततेची परीक्षा ε काढण्याआधी घ्यायची. नंतर घेतलीत तर `S → ε` ला तुम्ही चुकून रिक्त ठरवाल. सांत की अनंत या प्रश्नाला मात्र तो एक शब्द असला-नसला तरी फरक पडत नाही.

गोरेगावकर

मग टिपणात ε ला ‘रिक्त शब्द’ न म्हणता ‘शून्य लांबीचा शब्द’ म्हणतो. वेळेबद्दल काय लिहू? फेऱ्या मारत बसलं तर नियम पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.

बोरीबंदर

प्रत्येक नियमाशेजारी एक आकडा ठेवा: उजवीकडे अजून न फळलेले चल किती जागी आहेत. एखादा चल फळला की तो जिथे जिथे येतो तिथला आकडा एकेकाने कमी करा. आकडा शून्यावर आला की डावीकडचा चल फळला, त्याला रांगेत घाला. प्रत्येक जागा एकदाच खोडली जाते, त्यामुळे काम व्याकरणाच्या लांबीच्या प्रमाणातच राहतं. बार-हिलेल, पर्लेस आणि शामीर यांनी 1961 साली या प्रश्नांचा निर्णय लागतो हे दाखवलं. पण यावरून मुलांनी ‘व्याकरणाबद्दल काहीही विचारा, उत्तर मिळतं’ असं समजू नये. व्याकरण त्या वर्णमालेतले झाडून सगळे शब्द देतं का, याचा निर्णय देणारी रीत नाही, आणि असू शकत नाही हे सिद्ध झालेलं आहे.

दादरच्या बाई (निवृत्त)

शब्दांकडे या आता. पहिल्या दोषाला ‘वांझ’ लिहाल तर मुलींच्या वर्गात मी तो शब्द चालू देणार नाही. ‘निष्फळ’ लिहा. दुसऱ्याला ‘अगम्य’ अजिबात नको, त्याचा अर्थ मराठीत ‘न कळणारा’ होतो.

अंधेरी नाईट शिफ्ट

ऑफिसात आम्ही सरळ ‘डेड रूल’ म्हणतो. दोन्हींना.

बोरीबंदर

तिथेच घोळ होतो. निष्फळ चल सापडला तर बहुतेक वेळा कोणीतरी शेवटचा नियम लिहायला विसरलेलं असतं, म्हणजे भर घालायची असते. न गाठता येणारा सापडला तर एक तर वरून जोड द्यायची असते, नाहीतर तो जुना झालेला असतो आणि सरळ खोडता येतो. दुरुस्ती वेगळी, म्हणून नावही वेगळं हवं.

गोरेगावकर

‘निष्फळ’ पक्का. दुसऱ्याला ‘तुटक’ कसा वाटतो?

दादरच्या बाई (निवृत्त)

तुटक माणूस बोलताना असतो. ‘असंलग्न’ बघा.

मुलुंडवाला

असंलग्न म्हटलं की कॉलेजची मान्यता गेल्यासारखं वाटतं. आणि S च निष्फळ निघाला तर त्याला पण खोडायचं का?

बोरीबंदर

S ला ठेवायचं, त्याचे नियम मात्र एकही उरत नाहीत. व्याकरणाला आरंभीचा चल लागतोच. भाषा रिक्त, आणि चक्र शोधायची गरज नाही. दुसऱ्या नावासाठी मी ‘असंलग्न’च्या बाजूने.

गोरेगावकर

मी अजून ‘तुटक’वर आहे. वर्गात दोन्ही सांगून बघतो, मुलं कोणता उचलतात ते इथे कळवीन.