मदत हवी आहे: एसएलआर रायफलची रिकामी पुंगळी बाहेर कोण फेकतं?

चौकस_बाबा: मुलगी एनसीसीत आहे. कॅम्पमध्ये तिने ७.६२ एसएलआर चालवली. चाप ओढला की गोळी जाते, पुंगळी उजवीकडे उडते आणि पुढचं काडतूस आपोआप चढतं, म्हणाली. उस्तादांनी ‘गॅसवर चालते’ एवढंच सांगितलं. हा गॅस येतो कुठून?

नेमबाज७: छोटी टाकी असते. आमच्या क्लबातल्या एअर रायफलला हवा भरावी लागते.

चौकस_बाबा: ही खऱ्या काडतुसांची रायफल आहे हो.

दऱ्याखोऱ्या: खांद्याला दणका बसतो ना, तोच आतला भाग मागे ढकलतो.

माजी_हवालदार: दणक्यावर चालणारी हत्यारं असतात, बरीच पिस्तुलं तशीच. एसएलआर मात्र नाही. तिचा गॅस म्हणजे जळालेल्या दारूचाच. गोळी नळीतून पुढे जाताना वरच्या बाजूचं एक बारीक भोक ओलांडते. तिथून थोडा गॅस नळीवरच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ठोसा देतो. पिस्टन जेमतेम बोटभर सरकतो आणि स्प्रिंगने जागेवर परततो. त्याचा ठोसा बसलेला कॅरियर, म्हणजे बोल्ट वाहून नेणारा भाग, मात्र मागे धावत सुटतो.

सुरुवातीला कॅरियर थोडा मोकळाच सरकतो, नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टला हातही लावत नाही. दाबाने पुंगळी फुगून चेंबरला घट्ट चिकटलेली असते. तेवढ्या वेळात गोळी तोंडातून बाहेर पडते, दाब उतरतो, पुंगळी सैल होते. मग कॅरियर बोल्टचं मागचं टोक उचलतो, कुलूप सुटतं. बोल्टवरची नखी पुंगळीची कड धरून ओढते आणि मागे येताना पुंगळी एका पक्क्या खुंटीवर आपटून बाहेर उडते. त्याच धावेत घोडाही परत चढतो. दस्त्यातली स्प्रिंग सगळं पुढे ढकलते, वाटेत मॅगझिनमधलं काडतूस उचललं जातं.

चौकस_बाबा: मग चाप दाबूनच ठेवला तर पुढची गोळी का सुटत नाही?

माजी_हवालदार: चाप सोडून पुन्हा ओढल्याशिवाय घोडा सुटतच नाही. म्हणूनच ती अर्धस्वयंचलित.

डावखुरी: मी डाव्या खांद्यावरून मारायचे. पुंगळी तोंडासमोरून जायची, भीती वाटायची. जोर कमी करता येतो का?

माजी_हवालदार: सिलिंडरवर गॅस रेग्युलेटर असतो. तो जास्त उघडला की जास्त गॅस बाहेर वाया जातो, पिस्टनला कमी मिळतो. पण जोर फार कमी झाला तर कॅरियर पूर्ण मागे येत नाही. एकदा ओल्या, मळलेल्या रायफलवर माझी पुंगळी खिडकीतच आडवी अडकली होती. मॅगझिन काढून, चाल मागे ओढून ती काढली, साफसफाई केली, रेग्युलेटर एक घर बंद केला, मग सुरळीत. उलट गॅस फार मिळाला की दणका वाढतो, नखीवर ताण येतो. दिशा मात्र रेग्युलेटरने बदलत नाही, ताई.

दऱ्याखोऱ्या: म्हणजे दणका निव्वळ खांद्यालाच?

माजी_हवालदार: हो. रायफल खांद्याला टेकलेली नसली तरी ती चाल करतेच.

नेमबाज७: इन्सास रायफलमध्येही पिस्टन सुटा असतो का?

माजी_हवालदार: नाही, तिथे पिस्टन कॅरियरलाच जोडलेला असतो, दोघं मिळून शेवटपर्यंत मागे जातात.

डावखुरी: मग इन्सासची पुंगळी तरी डावखुऱ्याच्या तोंडापासून लांब जाते का? कोणी चालवली असेल तर सांगा.